जुन्या पुस्तकांची प्रतवारी: चार श्रेणी, थोड्या खुणा आणि एक कडक नियम

घरून जुनी मराठी पुस्तकं विकायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत "स्थिती चांगली" असं लिहिलेलं असतं. वीसेक पुस्तकं असतात तोवर ते खपतं. गिऱ्हाईक फोन करतं, चार फोटो मागवतं, विषय मिटतो. पण बंद पडलेल्या वाचनालयाचा गठ्ठा हाती लागला किंवा वाडा रिकामा करणाऱ्या कुटुंबाने सगळी कपाटं एकदम दिली, की यादी तीनशेवर जाते आणि हेच दोन शब्द अंगाशी येतात. एका कादंबरीच्या तीन प्रती, तिन्हींपुढे "चांगली", किंमती मात्र १५०, २२० आणि ३००. गिऱ्हाईक साहजिकच १५०वाली घेतं, पाकीट फोडतं आणि मग तुम्हाला निवांत फोन करतं.

प्रतवारीचं काम एवढंच की तुमच्या यादीतली कोणतीही दोन पुस्तकं शेजारी ठेवली तर श्रेणीवरूनच कळावं, कोणती प्रत जास्त धड आहे. किंमत, दुर्मिळता, लेखकाचं नाव, आवृत्ती यांचा श्रेणीशी काही संबंध नाही. पहिली आवृत्ती असली म्हणून कुरतडलेलं पुस्तक वरच्या श्रेणीत जात नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त घसरण इथेच होते, त्याकडे पुढे येतो.

आधी दोन गोष्टींचा निकाल लावा

श्रेणी द्यायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे, आणि त्यांची उत्तरं हो किंवा नाही अशीच घ्यायची. पुस्तक पूर्ण आहे का? आणि पुस्तक घरात ठेवण्याजोगं आहे का?

पूर्ण आहे का हे पाहताना छपाई कशी होते ते माहीत असलं तर वेळ वाचतो. आपल्याकडची बहुतेक जुनी पुस्तकं सोळा पृष्ठांच्या फर्म्यांनी बनलेली असतात. एक मोठा कागद छापून, घड्या घालून सोळा पृष्ठं म्हणजे आठ पानं तयार होतात आणि असे फर्मे एकावर एक ठेवून शिवतात. त्यामुळे पानं गळतात तीही बरेचदा फर्म्याच्या हिशोबाने. बांधणीत चूक झाली तर एखादा फर्मा दोनदा लागतो आणि पुढचा गायब असतो, किंवा आख्खा फर्मा उलटा लागलेला असतो. म्हणून सगळी पानं भराभर उलटायची आणि सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस अशा सांध्यांपाशी थांबून पृष्ठांक जुळतात का ते बघायचं. सुरुवातीच्या प्रस्तावनेला वेगळे अंक असतील तर सांधे थोडे सरकतात, पण दोन-तीन सांध्यांतच अंदाज येतो.

एखादं सुटं पान हाताला लागलं तर तिथेच थांबा. शिवलेल्या फर्म्यात पानं जोडीने असतात: पहिलं आणि आठवं हा एकच कागद, दुसरं आणि सातवं एक, तिसरं आणि सहावं एक. कोणी सहावं पान फाडून नेलं तर तिसऱ्याला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि ते सुटतं. म्हणजे सुटलेलं पान जागेवर असलं तरी त्याची जोडीदार जागा आधी तपासायची. चित्रांची चकचकीत पानं, नकाशे, लेखकाचा फोटो यांना बहुधा पृष्ठांक नसतो. चित्रसूची असेल तर तिच्याशी ताडून पाहा. नसेल तर शिलाईजवळ फाटक्या कागदाची पट्टी उरली आहे का ते बघा.

मजकुराचं एकही पान कमी असेल तर ते पुस्तक "अपूर्ण" या वेगळ्या यादीत जाईल, कोणतं पृष्ठ नाही त्याच्या उल्लेखासह. त्याला श्रेणी द्यायची नाही. शेवटच्या दोन पृष्ठांवाचून आलेली रहस्यकथा मुखपृष्ठ कितीही कोरं असलं तरी कोणत्याच श्रेणीची नसते.

दुसरा प्रश्न किडीचा आणि बुरशीचा. बारीक गोल भोकं सरळ आरपार गेलेली दिसली तर ते पुस्तककिड्याच्या अळीचं काम. ओबडधोबड रुंद खाच आणि कडेला मातीचा लेप असेल तर वाळवी. पानाचा वरचा पापुद्रा खरवडल्यासारखा किंवा मुखपृष्ठावरचा रंग पुसट ओरखड्यांसारखा खाल्लेला असेल तर कसर. भोक जुनं असेल तर ते फक्त नुकसान आहे आणि श्रेणीत धरता येतं. अळी अजून आत असेल तर मात्र ती शेजारच्या पुस्तकांत शिरेल. शंका आली की पुस्तक पांढऱ्या कागदावर ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि आठ-दहा दिवसांनी उघडा. कागदावर ताजा भुसा पडला असेल तर कीड जिवंत आहे. बुरशी जिवंत असली तर बोट लावताच फासली जाते, केसाळ दिसते आणि पुस्तक उघडताच ओलसर कुबट वास नाकात भरतो. पावसाळ्यात कोकणातून किंवा मुंबईच्या तळमजल्यावरून आलेल्या गठ्ठ्यांबाबत हे आवर्जून करा. अशी पुस्तकं वाळवून, साफ होईपर्यंत यादीत आणायचीच नाहीत.

सगळ्यांना खटकतं ते श्रेणीत, काहींनाच खटकतं ते खुणेत

माझ्या मते प्रतवारीत पेच पडतात ते श्रेणी किती असाव्यात यामुळे नाही. दोन वेगळ्या प्रकारच्या गोष्टी एकाच अक्षरात कोंबल्या जातात, त्यामुळे पडतात.

पहिल्या पानावर "चि. सौ. कां. हिस वाढदिवसानिमित्त" असं शाईत लिहिलेलं आहे. एका गिऱ्हाइकाला हा डाग वाटतो, तर दुसरं त्या ओळीसाठीच पुस्तक घेतं. वाचनालयाने जाड पुठ्ठ्यात नव्याने बांधून घेतलेली प्रत संग्राहकाला नको असते, कारण मूळ मुखपृष्ठ गेलेलं असतं. पण ज्याला फक्त वाचायचं आहे त्याला ती मूळ प्रतीपेक्षा परवडते, ती आणखी तीस वर्षं टिकेल. या गोष्टींनी श्रेणी खाली ओढली तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते, आणि लिहिल्याच नाहीत तर संग्राहकाची.

याउलट शाईने रेघोट्या मारलेला मजकूर, सुटलेली पानं, हात लावताच तुकडे पडणारा कागद कोणालाच नको असतो. तेव्हा सगळ्यांना खटकणारा दोष श्रेणीत मोजायचा, आणि ज्याबद्दल गिऱ्हाइकांचीच दोन मतं आहेत ती गोष्ट श्रेणीपुढे खूण म्हणून लिहायची. मी पाच खुणा पुरेशा मानतो: नाव (मालकाचं नाव किंवा भेटीचा मजकूर), वाचनालय (शिक्का, दाखल क्रमांक, मागे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी), पुनर्बांधणी, जॅकेट नाही आणि सही (लेखकाची). अक्षरी संक्षेप करू नका. "ग्रं. बां. ना." असं लिहिलं की गिऱ्हाइकाला पुन्हा विचारावंच लागतं.

वाचनालयाच्या शिक्क्याबद्दल थोडं. वाचनालयं शिक्का शीर्षकपानावर मारतातच, शिवाय आतल्या एका ठरलेल्या पृष्ठावरही मारतात. एका वाचनालयाच्या दोन-तीन प्रती पाहिल्यात की ते पृष्ठ कळतं. पुस्तक काढून टाकलेलं असेल तर "रद्द" किंवा तशा अर्थाचा शिक्का असायला हवा. तो नसेल तर पुस्तक विकायला ठेवण्याआधी ते आणणाऱ्याला विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर घेऊच नका.

श्रेणी आपल्याच ढिगातून काढा

आता तुमच्या साठ्यातली तीस पुस्तकं काढा. निवडून नको, हाताला येतील तशी. ती जमिनीवर एका ओळीत लावायची आहेत, सगळ्यात धड डावीकडे, सगळ्यात खराब उजवीकडे. एक पुस्तक उचला, शेजारच्याशी ताडा, जागा बदला. अर्ध्या तासात ओळ लागते. मग उभे राहून पाहिलं की कुठे कुठे पायरी पडल्यासारखी दिसते: इथपर्यंत कोणी वाचल्याची खूण नाही, इथून पुढे वाचलेली पण जपलेली, इथून पुढे राबवलेली, इथून पुढे मोडकळीला आलेली. बहुतेक ढिगांत अशा तीन पायऱ्या पडतात, म्हणून श्रेणी चार.

दहापैकी गुण देण्याचा मोह टाळा. ६ आणि ७ मधला फरक तुम्हाला लिहून काढता येणार नाही, आणि जो लिहिता येत नाही तो पुढच्या महिन्यात तुमच्याच हातून तसाच दिला जाणार नाही. विशेषणंही धोक्याची. इंग्रजी पुस्तकांच्या व्यापारात अँटिक्वेरियन बुकमन या अमेरिकी साप्ताहिकाने १९४९ मध्ये श्रेणींचे शब्द सुचवले आणि ते पुष्कळसे रूढ झाले. त्यात "गुड" म्हणजे सर्वसाधारण वापरलेलं, झिजलेलं पण पूर्ण पुस्तक. व्यापाऱ्यांना हे ठाऊक असतं, नवख्या गिऱ्हाइकाला नसतं, आणि गुड मागवून गुड न मिळाल्याची तक्रार अजूनही होत असते. म्हणून अ, ब, क, ड अशी कोरी अक्षरं घ्या. अक्षराला आपला असा अर्थ नसल्यामुळे गिऱ्हाईक व्याख्या वाचतं.

व्याख्या मात्र डोळ्यांनी दिसेल किंवा पट्टीने मोजता येईल अशा हव्यात. माझ्या अशा आहेत, तुमच्या ढिगाप्रमाणे आकडे बदला:

अ: वाचल्याची खूण नाही. कण्यावर एकही घडी नाही, कोपरे टोकदार, मजकुरात कसलीही खूण नाही. पुस्तक मिटल्यावर तिन्ही कडा किंचित पिवळट दिसल्या तर चालेल, पण उघडल्यावर तो पिवळेपणा अक्षरांपर्यंत आलेला नसावा.

ब: वाचलेलं, जपलेलं. कण्यावर जास्तीत जास्त दोन घड्या, कोपरे दबलेले. मुखपृष्ठ किंवा जॅकेट फाटलेलं असेल तर सगळ्या फाटण्यांची बेरीज २ सेंटिमीटरच्या आत. तपकिरी ठिपके असतील तर पहिल्या-शेवटच्या काही पानांपुरते. मजकुरात पेन किंवा पेन्सिल नाही.

क: राबवलेलं, पण अंगाने भक्कम. मजकुरात अधोरेखन, आतपर्यंत ठिपके किंवा पाण्याचा वाळलेला ओघळ, सेलोटेपने केलेली डागडुजी, मजकुराबाहेरची किडीची भोकं, यांतलं काहीही असू शकतं. सगळी पानं मात्र जागेवर घट्ट.

ड: वाचता येतं एवढंच. पानं किंवा फर्मा सुटलेला, पुठ्ठा निखळलेला, कागद ठिसूळ, भोकं अक्षरांवरून गेलेली. प्रत्येक शब्द वाचता मात्र आला पाहिजे. येत नसेल तर पुस्तक "अपूर्ण"मध्ये.

या व्याख्यांत "जुनं असूनही", "वयाच्या मानाने" हे शब्द कुठेच नाहीत आणि ते येऊ देऊ नका. १९५२चं पुस्तक आणि २०१२चं पुस्तक एकाच मापाने मोजायचं. नाहीतर "वयाच्या मानाने ब" आणि "ब" या दोन श्रेणी तयार होतात आणि गिऱ्हाइकाला दोन्ही सारख्याच दिसतात. १९५२च्या पुस्तकाला अ मिळणं अवघडच असायला हवं. एखाद्याला मिळाली तर ती बातमी आहे आणि किंमतीत उतरू द्या.

सर्वात वाईट दोष ठरवतो

कडक नियम तो हा. प्रत्येक दोष ज्या श्रेणीत बसतो ती बघायची, आणि त्यांतली सगळ्यात खालची श्रेणी पुस्तकाला द्यायची. सरासरी काढायची नाही, एका बाजूच्या चांगुलपणाने दुसरीकडची खोट भरून काढायची नाही.

हे का, ते एका उदाहरणाने बघू. समजा एकाच कादंबरीच्या, एकाच आवृत्तीच्या तीन प्रती तुमच्यापुढे आहेत. कापडी कण्याचा पुठ्ठा, वर जॅकेट, २८८ पृष्ठं म्हणजे बरोबर अठरा फर्मे, पृष्ठांक पहिल्या पानापासून.

पहिली प्रत हातात घेतली की नवीच वाटते. जॅकेटचा रंग तजेलदार, आत एक रेघ नाही. पण उभी धरून हलकेच हलवली तर मधला एक गठ्ठा पुढे येतो. उघडून पाहिलं तर पृष्ठ १४५ ते १६०, म्हणजे दहावा फर्मा, दोरा तुटून संपूर्ण सुटा झाला आहे. पानं सगळी आहेत.

दुसरी प्रत वाचनालयाची. जॅकेट नाही, मूळ पुठ्ठाही नाही. हिरव्या कापडाच्या कण्याने नव्याने बांधलेली, शीर्षकपानावर आणि पृष्ठ ५१ वर शिक्के, शेजारी रद्दचा शिक्का. बांधताना कडा कापल्यामुळे वरचा समास कमी झाला आहे, अक्षरं शाबूत. पहिल्या चार पानांवर तपकिरी ठिपके, पुढे मजकूर स्वच्छ, शिलाई दणकट.

तिसऱ्या प्रतीचं जॅकेट आहे, पण वरच्या बाजूला ३ सेंटिमीटर फाटलेलं. बांधणी घट्ट. आत कोणी अभ्यासासाठी वापरली असावी, चाळीसेक पृष्ठांवर बॉलपेनच्या रेघा.

आता मुखपृष्ठ, कणा, कागद, मजकूर आणि बांधणी अशा पाच सदरांत दहापैकी गुण दिले तर काय होतं? पहिलीला ९, ९, ८, १०, २, एकूण ३८. दुसरीला मुखपृष्ठाचे ५ धरून पुढे ८, ८, ९, ९, एकूण ३९. तिसरीला ६, ८, ८, ५, ९, एकूण ३६. सरासरी अनुक्रमे ७.६, ७.८ आणि ७.२. म्हणजे तिन्ही प्रती "साडेसातच्या आसपास". सोळा पृष्ठं हातात येणारी प्रत आणि तीस वर्षं टिकणारी प्रत एकाच मापाच्या ठरल्या.

आपल्या नियमाने पहिली ड, कारण फर्मा सुटलेला आहे आणि बाकी सगळं अ असलं तरी फरक पडत नाही. दुसरी ब, खुणा: वाचनालय, पुनर्बांधणी, जॅकेट नाही. तिसरी क, कारण जॅकेट ३ सेंटिमीटर फाटलं आहे म्हणून ब हुकलं, आणि रेघांनीही हुकलंच असतं.

पहिल्या प्रतीला ड देताना जीवावर येतं, कबूल. त्यासाठी श्रेणीपुढे एक वाक्य लिहायची सवय ठेवा, आणि ते वाक्य श्रेणी ज्या दोषामुळे मिळाली त्याचंच असू द्या: "ड. पृष्ठ १४५–१६० सुटी, सर्व पानं आहेत, बाकी प्रत स्वच्छ." बाइंडरकडे जाण्याची तयारी असलेलं गिऱ्हाईक हे वाचून लगेच उचलतं. तुम्हीही तो फर्मा शिवून घेऊ शकता. मग मात्र "दुरुस्त केलेली" असं लिहायचं आणि श्रेणी नव्याने द्यायची. डागडुजी आणि साफसफाई आधी, प्रतवारी नंतर. पेन्सिलच्या रेघा मऊ रबराने गेल्या तर त्या मोजायच्या नाहीत, खोडताना कागदाचा पृष्ठभाग खडबडीत झाला तर तो मोजायचा.

तपासणीचा ठरलेला क्रम

प्रत्येक पुस्तक त्याच क्रमाने तपासलं तरच दोन पुस्तकं खऱ्या अर्थाने शेजारी येतात. खिडकीशी बसा. ट्यूबलाइटखाली कागदाचा पिवळेपणा आणि फिकट पेन्सिल दोन्ही लपतात.

मिटलेलं पुस्तक आधी डोळ्याच्या रेषेत धरून कणा सरळ आहे का बघा, मग कोपरे, मग तिन्ही कडा. कडेवरचा पाण्याचा ओघळ बाहेरूनच दिसतो. मग पुस्तक उघडून आधी वास घ्या. दहा पानं उलटल्यावर नाक सरावतं, म्हणून हे पहिल्यांदाच. पुठ्ठा उघडताना आतल्या सांध्यावरचा कागद चिरला आहे का पाहा. तिथून पुस्तक पुठ्ठ्यापासून निखळायला लागतं. मग सगळी पानं उलटा, पूर्ण-अपूर्णही याच फेरीत होतं. शेवटी पुस्तक तळहातावर उभं धरून हलकेच हलवा.

पातळ मुखपृष्ठाच्या, न शिवता नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकांत फर्मे नसतात, सुटी पानं कण्यावर डकवलेली असतात. असं पुस्तक सपाट दाबून उघडू नका. गोंद वाळून कडक झालेला असला तर तुमच्या तपासणीतच कणा तडकतो आणि ब हातातल्या हातात ड होतं. निम्मं उघडून कण्यात डोकावलं की तडा दिसतो.

कागद ठिसूळ आहे का हे बघायला कोपरा दुमडून पाहण्याची पद्धत अभिलेखागारांत आहे, विकायच्या मालावर ती वापरू नका. पान उलटताना कडेचे कण पडले किंवा मिटलेल्या पुस्तकाखालच्या कागदावर तपकिरी चुरा दिसला तर तेवढं पुरे. वृत्तपत्री किंवा स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन शिल्लक असतं. उजेड-हवेने तो पिवळा पडतो, आतल्या आम्लाने ठिसूळ होत जातो. हा दोष वाढतच जाणार, म्हणून कागद ठिसूळ असलेल्या प्रतीची श्रेणी वर्षभर पडून राहिल्यावर पुन्हा तपासा.

हात कुठे घसरतो

श्रेणी आधी, किंमत नंतर, आणि दोन्ही वेगळ्या दिवशी. गठ्ठ्याला तुम्ही किती पैसे दिलेत हे डोक्यात असलं की क हळूच ब होतं. दुर्मिळ पुस्तकाच्या बाबतीत तर हमखास. अशी पुस्तकं इतर पुस्तकांच्या मध्ये मिसळून तपासा, एकटं समोर ठेवून नको.

दुसरी घसरण शेजारामुळे होते. ओळीने पंधरा मोडकी पुस्तकं हाताखालून गेली की सोळावं साधं पुस्तकही देखणं वाटायला लागतं. यावर उपाय म्हणजे नमुना प्रती. प्रत्येक सीमेवरची एक अशी तीन पुस्तकं बाजूला काढा: जेमतेम अ असलेलं, जेमतेम ब असलेलं, जेमतेम क असलेलं. ती विकायची नाहीत. त्यांच्यावर श्रेणीची चिठ्ठी लावून टेबलावर ठेवा आणि शंका आली की हातातलं पुस्तक त्यांच्याशी ताडा. याहून वाईट असेल तर खालची श्रेणी. उत्तम नमुने जपण्यात अर्थ नाही, अडचण नेहमी सीमेवर येते.

मोजपट्टी चालते की नाही हे कळण्यासाठी वीस पुस्तकांच्या श्रेणी वहीत लिहून झाकून ठेवा, आठवड्याने तीच पुस्तकं परत तपासा. घरातल्या दुसऱ्या कोणाला, ज्याने फक्त व्याख्या वाचल्या आहेत, तेही करायला सांगा. वीसपैकी चारपेक्षा जास्त ठिकाणी फरक आला तर दोष माणसात शोधू नका. ज्या दोषावरून मतभेद झाले त्याची व्याख्या ढिली आहे. बहुतेक वेळा ती ठिपक्यांची किंवा मुखपृष्ठाच्या झिजेची निघते. तिथे आणखी एक मोजता येण्याजोगी अट घाला आणि जुन्या यादीतली तेवढीच पुस्तकं पुन्हा बघा.

परत आलेल्या किंवा तक्रार झालेल्या प्रत्येक पुस्तकापुढे कारणही लिहून ठेवा. "श्रेणी चुकली" आणि "खूण लिहिली नव्हती" ही दोन वेगळी कारणं आहेत. दुसऱ्यासाठी श्रेणी बदलायची गरज नसते. परदेशी राहणाऱ्या मराठी गिऱ्हाइकाला पुस्तक परत पाठवणं परवडत नाही, तो नाराज होतो आणि गप्प बसतो. त्याला पाठवलेल्या पुस्तकाबद्दल आपण होऊन विचारा.

दिवाळी अंकांना वेगळी पट्टी

दिवाळी अंक पुस्तकांच्या मापात घालू नका. अ श्रेणीच्या पुस्तकाला कण्यावर घडी नको असते, पण पिन मारलेल्या अंकाला धड कणाच नसतो. तिथे बघायचं ते वेगळंच. पिना गंजल्या आहेत का, गंजाचा डाग कितव्या पानापर्यंत उतरला आहे, मुखपृष्ठ पिनांपासून सुटलं आहे का, मधली जोडपानं निसटली आहेत का. शब्दकोडं सोडवलेलं असतं, व्यंगचित्रांची पानं कापलेली असतात, वार्षिक राशिभविष्याच्या पानांवर चहाचे डाग असतात. कापलेल्या पानाच्या मागच्या बाजूला कथेचा शेवट होता का हेही बघावं लागतं, आणि असेल तर तो अंक अपूर्ण.

सोडवलेलं शब्दकोडं मी खुणेत टाकतो, श्रेणीत नाही. कथेसाठी अंक घेणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, संग्राहकाला वाटतं. गंज मात्र श्रेणीतच: पिनेभोवतीच असेल तर ब, डाग मजकुरावर आला तर क, आणि कागद गंजून पानं सुटली तर ड. अक्षरं तीच, व्याख्या वेगळ्या. म्हणून यादीत अंकांचा विभाग स्वतंत्र ठेवा आणि त्याच्या डोक्यावर त्यांच्या चार व्याख्या पुन्हा छापा. पुस्तकांच्या विभागात आहेत तशाच धरून चाला असं गिऱ्हाइकाला सांगू नका, कारण अंक घेणारी माणसं पुस्तकांचा विभाग उघडतही नाहीत.